अनुस्वार कोणत्या वहीत गळला, ते आधी शोधा

प्रश्न: माझं आडनाव गावंडे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'गावडे' आणि दहावीच्या बोर्ड सर्टिफिकेटवर GAWADE आलंय. २०१५ ला अमरावती विभागातून पास झालो. आधार, पॅन, वडिलांचे सगळे कागद गावंडे नावाने आहेत. आता नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत अडलंय. बोर्डाला नाव दुरुस्तीचा अर्ज कसा लिहायचा? कोणी म्हणतं गॅझेट करून टाक, कोणी म्हणतं अ‍ॅफिडेव्हिट पुरतं.

उत्तर:

मी माध्यमिक शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून नोकरी केली आणि असले प्रस्ताव घेऊन विभागीय मंडळाच्या खिडकीवर बऱ्याच वेळा उभा राहिलो आहे. अर्जाचा मसुदा खाली देतो, पण तुमचं काम अर्जाच्या भाषेवर अडलेलं नाही. तुमच्या हातात दोन कागद आहेत आणि त्यांचे मालक दोन आहेत. शाळा सोडल्याचा दाखला शाळेचा, बोर्ड त्याला हात लावत नाही. दहावीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका बोर्डाची, त्यांना शाळा हात लावू शकत नाही. दोन्हीकडे एकच चूक आहे म्हणजे ती दोन्हींच्या मागे कुठेतरी झाली आहे. ती जागा सापडल्याशिवाय बोर्डाला कितीही सुंदर अर्ज लिहिलात तरी तो 'मुख्याध्यापकांमार्फत सादर करावा' असा शेरा मारून परत येईल.

दाखल्याच्या खालची ओळ वाचा. वरील माहिती शाळेतील जनरल रजिस्टर नंबर १ प्रमाणे आहे, अशा अर्थाचं वाक्य तिथे छापलेलं असतं. सगळी मेख त्या रजिस्टरात आहे. मुलगा शाळेत दाखल होतो तेव्हा त्या जाडजूड वहीत एका आडव्या ओळीत त्याचं सगळं लिहिलं जातं: रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शेवटी शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. दाखला या ओळीवरून उतरवतात. दहावीचं आवेदनपत्रही याच ओळीवरून भरतात. आणि ही ओळ लिहिली जाते प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून, जो हायस्कुलाने प्रवेशाच्या वेळी जमा करून घेऊन फाईलला लावलेला असतो.

म्हणजे साखळी अशी: प्राथमिक शाळेचं रजिस्टर, तिथला दाखला, हायस्कुलाचं रजिस्टर, आणि तिथून एकीकडे तुमचा दाखला, दुसरीकडे बोर्डाचं प्रमाणपत्र. अनुस्वार यातल्या कोणत्या टप्प्यावर गळला, त्यावर तुमचं काम दोन महिन्यांचं की वर्षभराचं हे ठरतं. म्हणून किती दिवस लागतील हे आज मी सांगू शकत नाही.

तेव्हा पहिली फेरी शाळेत मारा आणि फक्त दोन गोष्टी मागा. एक, जनरल रजिस्टरमधल्या तुमच्या नोंदीचा साक्षांकित उतारा, ज्याला आमच्याकडे प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात. दोन, तुमच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्याची फाईलमधली प्रत. उतारा आधीच्या दाखल्यावरून नाही, मूळ वही उघडून द्या, असं आवर्जून सांगा, आणि जमलं तर ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टाळाटाळ झाली आणि शाळा अनुदानित असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तशी वेळ सहसा येत नाही. चहाच्या वेळेला जाऊ नका, परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत तर मुळीच जाऊ नका.

उतारा हातात आला की तीनपैकी एक चित्र दिसेल.

रजिस्टरात स्वच्छ 'गावंडे' लिहिलेलं असेल तर सुटलात. दाखला लिहिताना आणि आवेदनपत्र भरताना अशी दोन वेळा चूक झाली, पण मूळ नोंद बरोबर आहे. दाखला मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात बदलून देतात: जुना मूळ दाखला जमा करायचा, त्यावर 'रद्द' मारून तो फाईलला लागतो, नवा मिळतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मग राहतं फक्त बोर्डाचं काम.

दुसरं चित्र तुमच्यासारख्या बाबतीत मी सगळ्यात जास्त पाहिलं. हायस्कुलाच्या रजिस्टरात 'गावडे' आहे, पण प्राथमिकच्या दाखल्यावर 'गावंडे' आहे. म्हणजे पाचवीत किंवा आठवीत प्रवेश घेताना आमच्यासारख्या कोणा लिपिकाने उतरवताना टिंब सोडलं. जून महिन्यात दिवसाला साठ-सत्तर प्रवेश होतात, हाताने लिहायचं असतं, तेव्हा असं होतं. माझ्याही हातून झालं आहे.

तिसरं म्हणजे प्राथमिक शाळेतच पहिलीला 'गावडे' लागलं. मग सुरुवात तिथून. शाळा जिल्हा परिषदेची असो की खाजगी, आधी तिथली नोंद शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या मार्फत दुरुस्त होणार, मग हायस्कुलाची, मग बोर्डाची.

दुसऱ्या चित्रावर थांबतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत मुख्याध्यापकाने परस्पर काही बदलू नये, असा माध्यमिक शाळा संहितेचा रोख आहे. नियम २६.३ आणि २६.४ यासंबंधीचे आहेत. बदलाला वाव आहे तो उघड लेखनचुकीपुरता, आणि तोही शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या मंजुरीने. मुंबईत हेच काम शिक्षण निरीक्षकांकडे असतं. 'शाळा सोडली, आता काही होत नाही' असं सांगून बऱ्याच शाळा माणसाला दारातूनच परत पाठवतात. ते बरोबर नाही. उघड चूक असेल तर शाळा सोडल्यानंतरही दुरुस्तीचा विचार करता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जून २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात म्हटलं की शाळेच्या नोंदीशी किंवा सरकारी कागदांशी जुळणारी दुरुस्ती बोर्डाने सरसकट नाकारू नये. तो निकाल दुसऱ्या मंडळाच्या नियमांवरचा आहे, पण खिडकीवर बोलताना त्याचा उपयोग होतो.

आता 'उघड चूक' म्हणजे काय? इथे तुमचं आडनाव जरा त्रासदायक आहे. 'पाटील'चं 'पाटिल' झालं तर कोणीही मान्य करेल, कारण दुसरं काही असूच शकत नाही. पण गावडे हेही खरं आडनाव आहे आणि गावंडे हेही. कोकणात, पुण्याकडे गावडे भरपूर, वऱ्हाडात गावंडे. टेबलावरच्या माणसाला शंका येते ती चुकीची नसते: हा टिंब सुटल्याचा प्रकार आहे, की हा माणूस आडनाव बदलून घेतोय? म्हणून तुमच्या प्रस्तावात 'माझं आधार गावंडे आहे' याला फार वजन नाही. आधार तुम्ही दहावीनंतरही काढलं किंवा बदललं असू शकतं. वजन आहे ते चुकीच्या आधीच्या कागदांना. प्राथमिकचा दाखला सगळ्यात भारी, कारण हायस्कुलाची नोंद त्याच्यावरूनच झाली. मग तुमचा जन्मदाखला. मग वडिलांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला. आणि लोकांना सुचत नाही असा एक पुरावा म्हणजे सख्ख्या भावाचं किंवा बहिणीचं दहावीचं प्रमाणपत्र. वडील तेच, आई तीच, आडनाव 'गावंडे', आणि ते बोर्डाने स्वतः छापलेलं. माझ्या एका प्रस्तावात बहिणीच्या प्रमाणपत्राची प्रत लावल्यावर तीन महिने पडून असलेली फाईल पुढे सरकली होती.

शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आली की रजिस्टरात दुरुस्ती होते, आणि ती कशी होते हे तुम्ही बघून घ्या. जुनं नाव खोडून काढायचं नसतं. त्यावर एक आडवी रेघ, वर लाल शाईने बरोबर नाव, आणि शेरा रकान्यात आदेशाचा क्रमांक, तारीख व मुख्याध्यापकांची सही-शिक्का. जुनं 'गावडे' वाचता आलं पाहिजे.

हे एवढं बारीक सांगतोय कारण कोणीतरी तुम्हाला सोपा रस्ता दाखवेल: 'एक टिंबच तर द्यायचं आहे, वहीत देऊन टाकतो, नवा दाखला घेऊन जा.' घेऊ नका. एका शाळेत असं झालेलं मला माहीत आहे. मूळ नोंद काळ्या शाईच्या पेनाने, टिंब निळ्या बॉलपेनाने. मुलाचं काम झालं, सगळे खूश. पुढे त्याच्या जात पडताळणीत समितीच्या दक्षता पथकाने मूळ रजिस्टर मागवलं. तिथे निळं टिंब दिसलं, आणि नावाची साधी चूक हे प्रकरण 'नोंदीत खाडाखोड' होऊन बसलं. दाखल्यावर अनधिकृत बदलाबद्दल कायदेशीर कारवाईचा इशारा छापलेला असतो तो याचसाठी.

गॅझेटचं विचारलंत. राजपत्रातली जाहिरात म्हणजे 'आजपासून माझं नाव हे' अशी घोषणा. ज्याला आडनाव खरोखर बदलायचं आहे, लग्नानंतरचं नाव लावायचं आहे, त्याच्यासाठी ते बरोबर आहे. तुमचं नाव कधी गावडे नव्हतंच. गॅझेट केलंत तर 'माझं जुनं नाव गावडे, नवं नाव गावंडे' असं तुम्हीच लिहून द्याल, आणि उद्या उघड चूक म्हणून दुरुस्ती मागताना हाच कागद तुमच्या आड येईल. शिवाय २०१५ चं प्रमाणपत्र तसंच राहील. दुरुस्तीचे सगळे दरवाजे बंद झाले तर शेवटी गॅझेट आहेच. अ‍ॅफिडेव्हिट प्रस्तावाला जोडायचा एक कागद आहे. 'गावडे आणि गावंडे या एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र एखादी खाजगी कंपनी चालवून घेते, सरकारी पडताळणीत अडतं.

आता बोर्ड. तुमच्यासाठी ते अमरावती विभागीय मंडळ, पुण्याचं राज्य मंडळ नाही. आज तुम्ही मुंबईला राहत असलात तरी परीक्षा जिथून दिली तेच विभागीय मंडळ. पुण्याला पाठवलेला अर्ज फिरून अमरावतीलाच येतो, मधले आठवडे वाया.

अर्ज तुमचा असला तरी तो मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत जातो, आणि खरं काम ते पत्र करतं. त्यात तीन वाक्यं हवीत: शाळेच्या जनरल रजिस्टरात अमुक क्रमांकावर नाव असं आहे; आवेदनपत्रात ते चुकून तसं नोंदलं गेलं; सबब प्रमाणपत्रात व गुणपत्रिकेत दुरुस्ती करण्याची शिफारस आहे. बरेच मुख्याध्यापक दुसरं वाक्य लिहायला कचरतात, कारण ती शाळेच्या चुकीची कबुली असते. मग पत्र 'विद्यार्थ्याच्या विनंतीनुसार अर्ज पुढे पाठवीत आहे' एवढंच म्हणतं आणि मंडळ विचारतं, चूक कोणाची? तिथे विनवणी करावी लागली तरी चालेल, पण ते वाक्य लिहून घ्या.

तुमचा अर्ज असा:

> प्रति,
> मा. विभागीय सचिव,
> महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
> अमरावती विभागीय मंडळ, अमरावती.
>
> मार्फत: मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव व पत्ता)
>
> विषय: माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा मार्च २०१५, बैठक क्रमांक ______, प्रमाणपत्र व गुणपत्रिकेतील आडनावाची दुरुस्ती करण्याबाबत.
>
> महोदय,
> मी वरील परीक्षा आपल्या मंडळामार्फत उत्तीर्ण झालो आहे. मंडळाच्या प्रमाणपत्रात व गुणपत्रिकेत माझे आडनाव GAWADE असे छापले गेले आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद क्र. ______ नुसार माझे आडनाव 'गावंडे' असे असून त्याचे इंग्रजी लेखन GAWANDE असे आहे. (रजिस्टरमधील नोंद शिक्षणाधिकारी यांचा आदेश क्र. ______, दि. ______ अन्वये दुरुस्त झाली आहे.) आवेदनपत्र भरताना झालेल्या लेखनचुकीमुळे ही तफावत झाली आहे.
>
> तरी मंडळाच्या अभिलेखात दुरुस्ती करून मला दुरुस्त प्रमाणपत्र व गुणपत्रिका मिळावी, ही विनंती.

कंसातलं वाक्य दुसऱ्या किंवा तिसऱ्या चित्रात लागेल, पहिल्यात गाळा. 'मंडळाच्या अभिलेखात' हे शब्द मात्र गाळू नका, कारण दुरुस्ती फक्त कागदावर नाही, मूळ नोंदीत हवी आहे. सोबत मूळ प्रमाणपत्र आणि मूळ गुणपत्रिका जमा करावी लागते. त्याआधी दोन्हींच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, कारण मधल्या काळात तुमच्याकडे मूळ कागद नसेल. रजिस्टरचा उतारा, दुरुस्त दाखल्याची प्रत, प्राथमिकचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि शुल्क भरल्याची पावती लावा. शुल्क बदलत असतं, तेव्हा भरण्याच्या दिवशी मंडळाकडून विचारून घ्या. आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नोकरीच्या पडताळणीची मुदत अंगावर असेल, तर तिथे ही पोच, रजिस्टरचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र देऊन मुदत मागा. बऱ्याच ठिकाणी हमीपत्रावर तात्पुरतं चालवून घेतात. सगळीकडे नाही.

मंडळाकडून हमखास निघणारी त्रुटी म्हणजे प्री-लिस्ट. परीक्षेआधी मंडळ शाळेकडे विद्यार्थ्यांची छापील यादी पाठवतं, मुलांकडून नाव तपासून सह्या घेतल्या जातात. तुमची सही 'गावडे' समोर असणार. 'तुम्हीच तपासून सही केली होती' असं म्हणतील. घाबरू नका. ती सही वर्गात रांगेत उभं राहून दोन मिनिटांत केलेली असते, हे त्यांनाही माहीत असतं. मुख्याध्यापकांच्या पत्रात 'प्री-लिस्ट तपासणीतही ही चूक नजरेतून सुटली' असं आधीच लिहिलं तर ही त्रुटी निघतच नाही.

आणखी एक गोष्ट, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक या प्रकारातले असतात. रजिस्टर मराठीत, प्रमाणपत्रावर इंग्रजी स्पेलिंग. तुमच्या बाबतीत बरं आहे: मराठीत एक टिंब जास्त, इंग्रजीत एक अक्षर जास्त, जोडी जुळते. पण रजिस्टरात 'शीतल', प्रमाणपत्रावर SHITAL, आणि आधारवर SHEETAL अशी मुलगी आली तेव्हा आमचा प्रस्ताव परत आला होता, आणि माझ्या मते मंडळाचं बरोबर होतं. दोन्ही स्पेलिंगं 'शीतल'च वाचली जातात, मग चूक कुठली? तिला मी आधार बदलून प्रमाणपत्राप्रमाणे करून घ्यायला सांगितलं, पंधरवड्यात काम झालं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून ते विचार करून. तुम्ही मात्र चुकूनही आधार 'गावडे' करू नका, नाहीतर तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध साक्ष देईल.

दुरुस्त प्रमाणपत्र हातात आलं की तिथल्या तिथे उघडून अक्षर अन् अक्षर वाचा: आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. आडनाव बरोबर होऊन आलं आणि आईचं नाव नव्याने चुकलं, असं मी पाहिलं आहे. नंतर थोड्या दिवसांनी डिजिलॉकरवर दहावीची गुणपत्रिका काढून बघा. तिथे अजून GAWADE दिसत असेल तर दुरुस्ती मंडळाच्या मूळ नोंदीपर्यंत पोचलेली नाही. पडताळणी करणारा ऑनलाइन तपासेल आणि तुमचा नवा कागदच त्याला संशयास्पद वाटेल. अशा वेळी दुरुस्त गुणपत्रिकेची प्रत लावून त्याच विभागीय मंडळाला पुन्हा पत्र द्यायचं.

बारावीच्या प्रमाणपत्रावरही गावडे असणारच, कारण कनिष्ठ महाविद्यालयाने दहावीवरूनच नाव घेतलं. ते दहावी दुरुस्त झाल्यावर काढा, आधी नाही. तो प्रस्ताव महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत जातो आणि त्याला दहावीचं दुरुस्त प्रमाणपत्र एवढाच मुख्य पुरावा पुरतो. पदवी असेल तर विद्यापीठ त्याच्यानंतर.

शाळेतून उतारा मिळाला की तीनपैकी कोणतं चित्र निघालं ते कळवा. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागणार असेल तर त्या प्रस्तावाचं पत्र वेगळं लिहावं लागतं, ते तेव्हा सांगतो.